पट्टीखाली काय होतं

बावीस सेकंदांच्या एका क्लिपवरून दोन बायका बारा वर्षं भांडू शकतात, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण भांडणाऱ्या तशा असल्या आणि देवाने दोघींना फुरसत दिली, तर बावीस सेकंदसुद्धा पुष्कळ होतात.

दोघी सार्वजनिक वाचनालयाच्या बांधणी खात्यात होत्या. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून त्यांनी तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते तेव्हा एका वृत्तवाहिनीचा कॅमेरा आला, वाचनालयावर छोटीशी बातमी झाली, आणि त्या बातमीत बांधणी खात्याचे हे बावीस सेकंद आले. दिसत होती एकच बाई. तिच्या खाली निळी पट्टी होती, आणि पट्टीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत नाव होतं ते दुसरीचं.

चेहरा एकीचा, नाव दुसरीचं. वाहिनीवाल्यांच्या वहीत दोन ओळी उलटसुलट झाल्या असतील, दुसरं काय! पण त्या दिवसापासून चेहरेवाली म्हणायची, "टीव्हीवर मी आले," आणि नाववाली म्हणायची, "छे गं, टीव्हीवर मी आले. लिहिलंय ना खाली ढळढळीत!" दोघींच्या फोनमध्ये तीच एक क्लिप, आणि दोघी ती पाहुण्यांना दाखवायच्या. एक सांगायची, "नाव वाचू नका, चेहरा बघा." दुसरी सांगायची, "चेहऱ्याकडे लक्ष देऊ नका, नाव वाचा."

यातल्या चेहरेवालीची सून व्हिडिओ संकलक होती. चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्याला तिची एक खोली होती. तिथे दोन मॉनिटर, एक कुरकुरणारी खुर्ची, खिडकीला काळा पडदा. लग्नाच्या चित्रफिती, शाळांची संमेलनं, दुकानांच्या जाहिराती असं येईल ते काम ती करायची. या आठवड्यात वाचनालयाचंच काम आलं होतं. नवं वाचनदालन उघडणार होतं, आणि व्यासपीठाच्या मागे बारा फुटी पडद्यावर वाचनालयाची जुनी दृश्यं एकामागून एक फिरत राहणार होती. आवाज नाही, अक्षरं नाहीत. पुढे भाषणं चालू राहतील, मागे नुसतं चित्र हलत राहील.

उद्घाटन संध्याकाळी पाचला होतं. आदल्या दिवशी सकाळी ग्रंथपालांचा फोन आला. गृहस्थ पुस्तकांशी बोलताना शांत आणि माणसांशी बोलताना घाबरे होते.

"मॅडम, एक क्लिप पाठवलीय. बांधणी खात्याची हलती चित्रं आपल्याकडे तेवढीच आहेत. वाहिनीने वापरायची लेखी परवानगी दिलीय. फक्त खाली नावाची पट्टी आहे ती काढा. नाव चुकलं होतं म्हणे. पुन्हा दिसलं तर त्यांचीच शोभा."

"त्यांच्याकडे पट्टी नसलेली मूळ प्रत नाही का?"

"विचारलं. जे प्रसारित झालं तेवढंच ठेवलंय, बाकीचं पुसून टाकलं म्हणाले. पण तुमच्याकडे ते... थर असतात ना? पट्टीचा थर उचलायचा आणि बाजूला ठेवायचा. पाच मिनिटांचं काम."

सुनेने क्लिप उघडली आणि तिला हसू फुटलं. ही क्लिप तिने लग्नाआधी, मुलगी बघायला येण्याच्या दिवशीच पाहिली होती. सासूबाईंनी पाहुणचार उरकण्याआधी फोन पुढे केला होता.

"साहेब, थर आता नाही राहिला," ती म्हणाली. "सगळं एकाच चित्रात मुरलंय. पट्टीखाली काय होतं ते या फाइलमध्ये कुठेच नाही. उचलली तर खाली भोक. ते भोक दुसरीकडून काहीतरी आणून भरायचं असतं."

"मग भरा ना," ग्रंथपाल म्हणाले, आणि त्यांना वाटलं की काम झालंच.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. सुनेची चूक पुढची. तिने गंमत म्हणून सासूबाईंना फोन करून सांगितलं.

"पट्टी काढणार? खरंच?" सासूबाईंचा आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. "बारा वर्षं मी देवाला हेच सांगत होते बघ. म्हटलं, बाकी काही नको, तेवढी पट्टी काढ. आणि त्याने कुणाच्या हातून काढवली? माझ्याच सुनेच्या! मी येते. मला डोळ्यांनी बघायचंय."

त्या आल्या, पण निघण्याआधी त्यांनी आणखी एक फोन केला, आणि तो कुणाला केला असेल हे सांगायला नको. कारण त्या जिना चढायच्या आत सुनेचा फोन वाजला.

"पोरी," पलीकडून मावशी बोलत होत्या. नाववाल्या मावशी. घरी सगळे त्यांना मावशीच म्हणत. "तुझी सासू म्हणते, माझं नाव पुसतेयस."

"मावशी, तसं नाही हो. त्यांना मागे लावायला साधं चित्र हवंय. कुणाचंच नाव नको. आईंचं असतं तरी काढलंच असतं."

"तिचं नाव काढलं तरी तिचं तोंड राहतं गं. माझं काय राहतं?" मावशींच्या बोलण्यात नेहमीची चेष्टा होती, पण खाली काहीतरी ओलं होतं. "तीस वर्षं त्या टेबलाशी बसले. त्या वाचनालयात माझा फोटो नाही, पाटी नाही, काही नाही. ती एक निळी पट्टी आहे. उद्या लेक येतेय, जावई येतोय, नाती येतायत. सगळ्यांना सांगून बसलेय की मोठ्या पडद्यावर मी दिसणार म्हणून. आता काय दाखवू? हिचं तोंड?"

"बघते काय करता येतं ते," ती म्हणाली. संकलक हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणतात, पण या वेळी ते खोटं होतं. कारण काय करता येईल ते तिला ठाऊक होतं. काहीच नाही. पट्टी ठेवायची तर वाचनालय नाही म्हणणार, वाहिनीही नाही म्हणणार. आणि पट्टी काढली की मावशी त्या चित्रातून पूर्ण गेल्या.

सासूबाई आत आल्या, कुरकुरत्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हं. पूस."

"आई, पाटीवर फडकं मारतात तसं नसतं हे."

"मग कसं असतं?"

सुनेने दाखवलं. पट्टी चित्राच्या खालच्या पाचव्या हिश्शात होती. ढोबळ उपाय म्हणजे तेवढा भाग कापून उरलेलं चित्र सव्वापट मोठं करायचं. पण मग बाजूंचंही चित्र कापलं जाणार. सासूबाई बसल्या होत्या अगदी डाव्या कडेला, आणि उजव्या कडेला खिडकी, जिच्यातून सगळा उजेड येत होता. "डावीकडून कापलं तर तुमचा कान जाईल."

"कान नको. कानात कुड्या आहेत."

"उजवीकडून कापलं तर खिडकी जाईल, आणि मग उजेड कुठून येतो ते कळणार नाही. शिवाय जुनी क्लिप, आधीच भुरकट. बारा फुटांवर ताणली की तुमचा चेहरा साबुदाण्यासारखा दिसेल."

"मग दुसरं कर काहीतरी."

"धूसर करता येतं. पण मोठ्या पडद्यावर ते तेलाच्या डागासारखं दिसतं. लोक भाषण सोडून डागाकडेच बघत बसतात."

मग तिने संगणकाच्या आपोआप भरणाऱ्या साधनाला काम देऊन पाहिलं. त्याने तीन मिनिटं विचार केला आणि पट्टीच्या जागी टेबलावर काहीतरी मळलेलं, बोटं फुटलेलं, फिकट ठेवून दिलं.

"शी! हे काय?" सासूबाई मागे सरल्या. "हात आहेत की गाजरं?"

"त्याला ठाऊक नाही ना खाली काय होतं. अंदाजाने ठोकून देतं."

"तुमच्या यंत्रालापण थापा मारता येतात तर."

शेवटी सुनेला खरी वाट सापडली. क्लिप सुरू झाल्यावर पट्टी लगेच येत नव्हती. पहिल्या दहा फ्रेम पट्टीशिवाय होत्या. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. पण कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर होता, तसूभरही हलला नव्हता, त्यामुळे तेवढ्याने भागत होतं. त्या दहा फ्रेममध्ये पट्टीच्या जागी काय होतं ते स्वच्छ दिसत होतं. टेबलाची अलीकडची कड, लाकडावरचा एक जुना ओरखडा, बस्स. तिने तेवढाच पट्टा उचलला, त्याच्या कडा मऊ केल्या आणि पुढच्या सगळ्या क्लिपवर पट्टीच्या जागी बसवला. एकच फ्रेम गोठवून ठेवली असती तर तेवढा भाग मेल्यासारखा दिसला असता, कारण जुन्या चित्रात बारीक दाणे सारखे वळवळत असतात. म्हणून तिने दहाही फ्रेम पुढे-मागे, पुढे-मागे फिरत ठेवल्या, म्हणजे दाणे वळवळत राहतील.

"आता बघा."

क्लिप चालू झाली. पट्टी आलीच नाही. सासूबाईंनी टाळी वाजवली. "गेली! अगदी समूळ गेली गं! देवा, तुझं कल्याण असो."

"देवाचं कल्याण आपण कसं करणार?"

"तू गप. मला बघू दे."

पडद्यावरच्या सासूबाई बारा वर्षांनी तरुण होत्या. समोर शिवणीची लाकडी चौकट, चौकटीला ताणलेले दोरे, सुई खाली-वर. आणि मग पाचव्या सेकंदाला टेबलाच्या रिकाम्या कडेतून, कुणी न देता, घडी घातलेल्या छापील कागदांचा एक गठ्ठा हळूच वर उगवला. बांधणीवाले त्याला फर्मा म्हणतात. पडद्यावरच्या सासूबाईंनी न बघता हात पुढे केला, तो घेतला, चौकटीवर ठेवला आणि शिवायला लागल्या. नवव्या सेकंदाला दुसरा फर्मा उगवला. मग तिसरा. जणू टेबलाला पुस्तकांचं पीक आलं होतं.

सुनेने क्लिप पुन्हा पुन्हा फिरत ठेवली.

"आई."

"हं."

"हे फर्मे कुठून येतायत?"

"टेबलावरून."

"टेबल रिकामं आहे."

सासूबाईंनी कानातली कुडी चाचपली. "तेव्हा... असं वारं वगैरे..."

"वाऱ्याने फर्मा उडाला आणि नेमका तुमच्या हातात आला? सहा वेळा?"

आता गंमत लक्षात घ्या. पट्टी होती तेव्हा फर्मे पट्टीच्या मागून वर यायचे आणि बारा वर्षांत कुणाच्या डोक्यात शंका आली नाही. पट्टीमागे काहीही असू शकतं! पट्टी गेली आणि प्रश्न उघडा पडला. ज्या हातांनी ते फर्मे वर दिले, ते हात पहिल्या दहा फ्रेममध्ये अजून आलेच नव्हते. आले तेव्हा पट्टी त्यांच्यावर येऊन बसली होती.

"तुम्ही तर नेहमी सांगता," सून म्हणाली, "की कॅमेरा आला तेव्हा मावशी चहा प्यायला गेल्या होत्या. तुम्ही एकट्याच होतात म्हणून तुमचं शूटिंग झालं."

"गेली होती. आली होती परत."

"कधी आल्या परत?"

सासूबाईंनी पडद्याकडे बघितलं. तिथे पुन्हा पहिला फर्मा उगवत होता. "पाचव्या सेकंदाला," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, आणि मग दोघीही अशा हसल्या की खालून चष्मेवाल्याने छताला काठी ठोकली.

हसून झाल्यावर सासूबाईंनी डोळे पुसले. "समोरच होती गं. तीस वर्षं समोरच होती. मी हात पुढे केला की फर्मा हातात. बघावं लागायचं नाही. मी शिवणारी, ती घडी करून, ओळीने लावून देणारी. एक पान इकडचं तिकडे झालं नाही कधी." मग जरा थांबून, "पण ती नावावरून इतकी मिरवायची ना! म्हटलं, मिरव. मी चहाचं सांगेन."

"त्यांचंच नाव त्यांच्याच हातांवर बसलं होतं, आई."

सासूबाईंनी हळूच मान हलवली. त्यांच्यासाठी ते फार होतं.

सुनेला मात्र आता रस्ता दिसायला लागला होता. चित्रात हातांशिवाय भागणारच नव्हतं. पट्टीच्या जागी रिकामं टेबल ठेवलं तर जादूचा प्रयोग होतो. हात पाहिजेतच. मूळचे मिळणं शक्य नाही. म्हणजे नव्याने चित्रित करून त्या पट्ट्यात बसवायचे. नशिबाने ते हात टेबलाच्या अलीकडून, फ्रेमच्या खालून येत होते आणि पट्टीच्या रेषेच्या वर कधीच जात नव्हते. दंड नाही, खांदा नाही, कुणाच्या अंगाला जोडायचे नाहीत. फक्त फर्मा तेवढा रेषा ओलांडायचा.

"त्याच टेबलावर, त्याच खिडकीशी, त्याच वेळेला शूट करायला हवं," ती म्हणाली. "सावली बघा, चौकटीच्या पायाशी आहे. अकराचा सुमार. आणि हात हवेत."

"माझे घे."

"तुमचे वर आहेत आधीच. शिवतायत."

सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण त्या फार टिकल्या नाहीत. "फोन तू कर," त्या म्हणाल्या. "मी केला तर ती म्हणेल, आता कशी आलीस वळणावर."

फोन सुनेनेच केला. ग्रंथपालांनाही केला, आणि त्यांना काही लपवून ठेवलं नाही. "साहेब, खालचे हात नवीन असतील. ही मागे लावायची शोभा आहे, पुरावा नव्हे. मूळ क्लिप पट्टीसकट तशीच जपून ठेवा. आणि यादीत नोंद करा की या प्रतीत खालचा भाग नव्याने भरलेला आहे."

"नोंद करतो," ग्रंथपाल म्हणाले. नोंद हा शब्द ऐकला की त्यांना धीर यायचा. "पण मॅडम, मी पाच मिनिटांचं काम म्हणालो होतो ना?"

"म्हणाला होतात."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिघी वाचनालयाच्या मागच्या खोलीत होत्या. बांधणी खातं केव्हाच बंद झालं होतं. टेबल मात्र तिथेच होतं, त्यावर जुन्या नियतकालिकांचे ढीग. ते हटवले तेव्हा कडेचा ओरखडा जागच्या जागी होता. मावशी शर्टासारख्या बाह्यांचा, कॅमेरा आला त्या दिवशीचाच निळा कामाचा कोट घालून आल्या होत्या. बारा वर्षं जपून ठेवला होता म्हणे, का ते त्यांनाच ठाऊक.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"चहा पिऊन आलीस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"पिऊन आले. आता पाच सेकंद उशीर झाला तर सांभाळून घे."

सुनेने कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. जुनी क्लिप छोट्या मॉनिटरवर अर्धी पारदर्शक करून कॅमेऱ्याच्या चित्रावर ठेवली आणि टेबलाची कड जुन्या कडेवर, ओरखडा ओरखड्यावर येईपर्यंत कॅमेरा वर, खाली, जरा डावीकडे, पुन्हा वर असा सरकवत राहिली. जुळायला वीस मिनिटं गेली. तोवर सावली चौकटीच्या पायाशी आली.

"मावशी, समोर पडदा ठेवलाय. जुनी क्लिप चालू असेल. आईंचा हात पुढे आला की फर्मा द्यायचा. घाई नको, उशीर नको."

"हे मला शिकवतेयस?"

पहिल्या वेळी मावशींनी पडद्याकडे बघून फर्मा दिला आणि तो अर्ध्या सेकंदाने मागे पडला. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या वेळी मावशी वैतागल्या. "बघून होत नाही गं हे. बघून कधी केलंय?" मग त्यांनी सासूबाईंना खुर्चीसकट ओढून टेबलाच्या पलीकडे बसवलं. "ये. बस तिथे. शिव."

"चौकट कुठेय?"

"हवेत शिव. फ्रेममध्ये तू नकोच आहेस, खालचा पट्टाच घ्यायचाय. हो ना गं पोरी?"

"हो. वरचं काहीही असलं तरी चालेल."

"ऐकलंस? वरचं काहीही चालेल," मावशी म्हणाल्या.

सासूबाईंनी हवेत सुई धरली. कानात सुनेने क्लिपच्या वेगाचा ठोका ऐकवला, फर्म्याच्या जागी एक टिकटिक. त्या हवेत शिवू लागल्या, ठोक्याला न बघता हात पुढे करू लागल्या, आणि मावशींचा फर्मा त्या हातात नेमका येऊ लागला. एक, दोन, तीन. दोघींपैकी कुणी वर बघत नव्हतं. सहाव्या फर्म्याला सुनेने "कट" म्हणायला तोंड उघडलं, पण ती थांबली. त्यांनी सातवा, आठवा, नववासुद्धा केला. टेबलावरचे फर्मे संपले तेव्हाच दोघी थांबल्या.

"बारीक झालीस," सासूबाई म्हणाल्या.

"तू नाही झालीस," मावशी म्हणाल्या.

एक वाजता सून खोलीवर परतली आणि कामाला भिडली. नवं चित्र फार लख्ख होतं. ते तिने थोडं मऊ केलं, त्यात दाणे मिसळले, रंग जुन्यासारखा पिवळट केला. पट्ट्याची वरची कड पातळ केली. फर्मा जिथे रेषा ओलांडत होता तिथे जुना वरचा अर्धा आणि नवा खालचा अर्धा जुळवणं सगळ्यात कठीण होतं. चार फर्मे जवळजवळ आपोआप जुळले. पाचव्याला तिने नवं चित्र तीन फ्रेम मागे सरकवलं आणि थोडं डावीकडे घेतलं. सहावा हट्टी निघाला. शेवटी तिने क्लिप सहाव्याच्या आधीच कापली. बावीसचे एकोणीस सेकंद झाले. मागे फिरणाऱ्या चित्राला तेवढे पुष्कळ होतात.

दोघी मागे उभ्या राहून बघत होत्या.

"माझे हात किती म्हातारे दिसतायत गं," मावशी म्हणाल्या. "शिरा बघ, दोरखंडासारख्या."

"आणि मी कशी दिसतेय?" सासूबाईंनी मानेला झोका दिला. "बारा वर्षांनी लहान. फर्मे देणारी माझी आजी वाटते."

"करू का थोडे गुळगुळीत?" सुनेने विचारलं. "दहा मिनिटांत होईल."

मावशींनी पडद्यावरच्या हातांकडे निरखून बघितलं. हात आले, फर्मा दिला, मागे गेले. "नको," त्या म्हणाल्या. "राहू दे. हात माझेच वाटले पाहिजेत. नाहीतर ही उद्या म्हणेल, मी चहा प्यायला गेले होते."

साडेचारला क्लिप वाचनालयात पोचली. पाचला दालन भरलं. तिसऱ्या रांगेत मावशींच्या घरचे नऊ जण बसले होते, आणि त्यांच्या कडेला सासूबाई आणि सून. ग्रंथपाल भाषणाला उभे राहिले. त्यांच्या मागे बारा फुटी पडद्यावर जुनी इमारत, जुनी कपाटं, जुने वाचक येत-जात राहिले. कुणी पडद्याकडे फारसं बघत नव्हतं. पार्श्वभूमीकडे लोकांनी न बघणं हेच तिचं यश असतं, त्यामुळे सून खुशीत होती.

मग बांधणी खातं आलं. पट्टी नाही, डाग नाही, भोक नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला तिथे कधी काही होतं असं स्वप्नातही आलं नसतं.

मावशींची लेक आईच्या कानाशी वाकली. "आई, तुझं नाव कुठंय? तू म्हणालीस, मोठ्या अक्षरात येणार."

"नाव काढलं. हात बघ."

"कुठले हात?"

"खाली बघ ना. ते."

लेकीने बघितलं. "ते तुझे? कुणाचेही असतील. कसं कळणार?"

मावशींनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. खरंच, कसं कळणार? हात हातासारखे असतात. त्यांच्या मनगटावर काही लिहिलेलं नव्हतं. त्या खुर्चीत जराशा खाली सरकल्या आणि हसायचा प्रयत्न केला. पडद्यावर दुसरा फर्मा वर आला, पण त्यांनी बघितला नाही.

सासूबाईंनी ते सगळं ऐकलं होतं. बारा वर्षं ज्या चुकीवरून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, ती चूक आज पडद्यावरून साफ झाली होती. हवं ते मिळालं होतं. चेहरा त्यांचा, आणि खाली दुसऱ्या कुणाचं नाव नाही. सुनेने त्यांच्याकडे बघितलं आणि ओळखलं की आता काहीतरी होणार, पण थांबवायला वेळ नव्हता.

सासूबाई उभ्या राहिल्या.

"ग्रंथपाल साहेब, एक मिनिट," त्या म्हणाल्या. सगळं दालन वळलं. ग्रंथपालांनी हातातला कागद खाली केला. "मागे ते चित्र चालू आहे ना, त्यातलं तोंड माझं. ते दिसतंच आहे. पण खालचे हात माझे नाहीत, ते हिचे आहेत." आणि त्यांनी मावशींचं नाव घेतलं. अगदी पूर्ण, पट्टीवर होतं तसं, आडनावासकट. "तीस वर्षं हिने पानं लावून दिली म्हणून मी शिवू शकले. ही त्या दिवशी कुठेही चहा प्यायला गेली नव्हती. म्हणजे गेली होती. पण वेळेवर आली होती. एवढंच. चालू द्या तुमचं."

ग्रंथपालांनी वळून पडद्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. पार्श्वभूमी म्हणून केलेल्या चित्राकडे शंभर माणसं टक लावून बघू लागली आणि सुनेने कपाळाला हात लावला, कारण तिसऱ्या फर्म्याच्या जोडाजवळ एक बारीकशी रेषा राहिली होती. ती तिच्याशिवाय कुणाला दिसली नाही.

"चौथा द्यायचाय अजून," मावशी सासूबाईंचा पदर ओढत म्हणाल्या. त्यांचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. "बस ना गं खाली. मागच्यांना माझे हात दिसत नाहीत."